सतरा वेळा खोडलेला शब्द

आईचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा मी त्या रात्रीबद्दल लिहायला बसले. डिचोलीच्या घरी, माजघरातल्या टेबलाशी. पलीकडच्या खोलीत आई पेज पीत होती, चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज होता म्हणूनच मला लिहायचं बळ आलं. एका बैठकीत १४०० शब्द झाले. वाचून पाहिलं, डोळे भरून आले, वाटलं चांगलं जमलंय. आमच्या इथल्या एका दिवाळी अंकाला द्यायचं होतं. देण्याआधी कॉलेजातल्या मैत्रिणीला पाठवलं. ती पेडण्याच्या बाजूला शाळेत मराठी शिकवते, आणि तिला दाखवल्याशिवाय मी कुठे काही देत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मनापासून लिहिलंयस गं," ती म्हणाली, "पण मला एक सांग, तुम्ही बसला होतात कशावर? खुर्च्या होत्या की बाकडं?"

"बाकडं," मी म्हटलं. "लोखंडी, तीन जणांचं. मधल्या सीटचा एक स्क्रू गेलेला होता. बाबा उठले की ती सीट माझ्या बाजूला कलायची आणि ते बसले की सरळ व्हायची. त्यामुळे मान न वळवता मला कळायचं, ते उठलेत की बसलेत."

ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हे का नाही लिहिलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला आणि लेख पुन्हा उघडला. त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा देते, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे.

"मनात भीतीने थैमान घातलं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय या विचाराने काळजाचा थरकाप उडत होता. कॉरिडॉरमधली भयाण शांतता अंगावर येत होती. घड्याळाची जीवघेणी टिकटिक तेवढी ऐकू येत होती. वेळ जाता जात नव्हता."

लाल पेन घेऊन मी 'भीती' आणि तिची भावंडं, म्हणजे भय, भयाण, भीतिदायक, भ्यायले, यांच्याखाली रेघा ओढल्या. १४०० शब्दांत १७ रेघा झाल्या. बाकडं एकदाही नव्हतं.

एम.ए.ला काव्यशास्त्राच्या पेपराला आम्हाला मम्मट होता. त्याच्या 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात रसाचे दोष सांगितले आहेत आणि त्यांत पहिलाच दोष हा, की रस किंवा भाव त्याच्या स्वतःच्या नावानेच सांगून टाकणं. स्वशब्दवाच्यता. परीक्षेला ही व्याख्या मी पाठ केली होती, बहुधा गुणही मिळाले असतील. पण त्या दिवशी १७ लाल रेघा समोर असताना मला पहिल्यांदा कळलं की हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस काय म्हणत होता. 'भीती' हा शब्द वाचून कुणी भीत नाही. वाचणाऱ्याला फक्त एवढंच समजतं की लिहिणारी भ्यायली होती.

मग मी सरळ मार्ग धरला. सगळे १७ शब्द खोडले. उरलेला लेख वाचला तर तो दात पडलेल्या तोंडासारखा झाला होता, वाक्यंच बसेनात. म्हणून त्या जागी दुसरं काहीतरी घातलं. पोटात गोळा आला. काळजात धस्स झालं. हातपाय गार पडले. घशाला कोरड पडली. हा माझा दुसरा खर्डा, आणि तो पहिल्याहून वाईट होता. पहिल्यात निदान मी सरळ सांगत होते. दुसऱ्यात तेच सांगत होते, पण शरीराचे अवयव मोजून दाखवत होते. ह्या शब्दप्रयोगांत एके काळी खरं काही असणार. पण 'पोटात गोळा आला' असं आपण परीक्षेच्या निकालालाही म्हणतो आणि बस चुकली तरीही म्हणतो. घासून घासून त्यांचा अर्थ 'भीती वाटली' एवढाच उरला आहे. म्हणजे शब्द खोडला होता, पण त्याच नावाची दुसरी पाटी लावली होती.

काव्यशास्त्रातच याचीही वाट आहे, हे नंतर लक्षात आलं. थरथर, घाम, कोरडा घसा हे झाले अनुभाव. नटाच्या अंगावर ते दिसतात तेव्हा प्रेक्षकाला पोचतात. पण जिच्यामुळे जागा झालेला भाव आणखी चेततो ती भोवतालची परिस्थिती, तो झाला उद्दीपन विभाव. कागदावर माझं शरीर वाचकाला दिसत नाही, कॉरिडॉर मात्र दाखवता येतो. तेव्हा ठरवलं, तिसऱ्या खर्ड्यात माझं शरीर अजिबात नाही. कॉरिडॉरमध्ये काय होतं, काय वाजलं आणि किती वाजता, एवढंच.

इथे खरी अडचण सुरू झाली. मला काही आठवत नव्हतं. भीती वाटल्याचं आठवत होतं, पण कशाकडे बघत असताना वाटली ते नाही.

मग पुरावे गोळा केले. त्या रात्रीची जी प्लास्टिकची पिशवी होती, फाइल, स्कॅनचं पाकीट, बिलं, ती अजून कपाटाखाली तशीच होती. ती जमिनीवर ओतली. औषधांच्या बिलांवर वेळ छापलेली असते हे तोवर कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिलं बिल रात्री १०:४१चं. दुसरं १२:१४चं. माझ्या फोनमध्ये दादाला लावलेले कॉल होते. तो दुबईला असतो. १०:५८, १२:२२, आणि मग एकदम २:३९. म्हणजे आई आत गेली ती १०:५५च्या सुमारास आणि डॉक्टर बाहेर येऊन बोलले ते २:३५च्या. तीन तास चाळीस मिनिटं. आत जाताना त्यांनी सांगितलं होतं, "दीड तास, फार तर दोन."

ही आकड्यांची उतरंड कागदावर लिहिली आणि मला एकदम सुचलं की लेखाला आता सांगाडा मिळाला. "दीड, फार तर दोन" हे वाक्य एकदा लिहिलं की पुढे कुठेही 'उशीर होत होता' असं म्हणायची गरजच उरत नाही. वाचणारा स्वतःच बेरीज करतो. १०:५५ मध्ये दोन तास मिळवले की १२:५५ होतात. त्यानंतर लेखात मी नुसतं 'एक वाजून दहा' एवढं लिहिलं तरी ते तीन शब्द जड होतात, कारण हिशोब वाचकाने केलेला असतो. पहिल्या खर्ड्यात 'वेळ जाता जात नव्हता' असं लिहिलं होतं. त्यात वेळच नव्हती.

दुसरं बिल मात्र मी बराच वेळ हातात धरून बसले. साधारण १२:१०ला ऑपरेशन थिएटरचं दार अर्धं उघडलं, हिरव्या टोपीतला एक मुलगा बाहेर आला, कोकणीत म्हणाला, "पेशंटाचें कोण आसा?" आणि चिठ्ठी दिली. खाली मेडिकलमध्ये गेले, पैसे दिले, एक लांबट खोकं घेऊन वर आले. वजनाला हलकं होतं. बिलावर दोनच ओळी होत्या. 'लिनिअर कटर, १.' 'कार्ट्रिज, २.' खोकं दारातून आत दिलं आणि बाकड्यावर येऊन बसले. बाबांनी विचारलं, "काय आणायला सांगितलं?" मी म्हटलं, "औषधं."

काय झालं होतं ते आता सांगते. वीस वर्षांपूर्वी आईची गर्भाशयाची पिशवी काढली होती. तेव्हापासून पोटातले काही पदर एकमेकांना चिकटलेले होते, आणि त्यात लहान आतड्याला पीळ बसला होता. पीळ सुटला असता तर दीड तासात काम झालं असतं. पण आतड्याचा फूटभर भाग काळा पडला होता, तो कापावा लागला. ते लांबट खोकं म्हणजे आतडं एकाच वेळी शिवायचं आणि कापायचं हत्यार. हे सगळं डॉक्टरांनी नंतर समजावलं. १२:१४ला मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फक्त 'कटर' हा शब्द वाचता येत होता.

लेखात हे कसं लिहावं यावर मी दोन दिवस घालवले. एकदा कंसात अर्थ घातला, मग तो काढला. अर्थ घातला की लिहिणारी मी आजची होते, सगळं निभावून गेलेली. अर्थ नाही घातला की बाकड्यावरची मीच राहते. शेवटी त्या दोन ओळी, बाबांचा प्रश्न आणि माझं 'औषधं' एवढंच ठेवलं. ज्याला वैद्यक कळतं तो माझ्याआधी घाबरेल, ज्याला कळत नाही तो माझ्याबरोबर त्या एका शब्दाकडे बघत बसेल. दोन्ही मला चालणार होतं. माझ्या मते संपूर्ण लेखातली ही सर्वांत भीतीची जागा आहे, आणि तिथे एकही विशेषण नाही.

आवाजांची गोष्ट वेगळी झाली. आवाजाला बिल नसतं.

टाके बघायला आईला घेऊन पुन्हा म्हापशाच्या त्या हॉस्पिटलात गेलो, तेव्हा तिला बाबांबरोबर ओपीडीत बसवलं आणि मी वर त्याच मजल्यावर जाऊन त्याच बाकड्यावर बसले. वही घेऊन, चाळीस मिनिटं. पहिली गोष्ट पाहिली ती घड्याळ. समोरच्या भिंतीवर होतं, पांढरं, गोल, आणि त्याचा सेकंदकाटा टिकटिक न करता सलग सरकत होता. त्याला आवाजच नव्हता. कानाजवळ धरलं असतं तर कदाचित आला असता, पण बाकड्यापासून बारा-पंधरा पावलांवर, पंखा चालू असताना, शक्यच नव्हतं. म्हणजे 'घड्याळाची जीवघेणी टिकटिक' मी ऐकलीच नव्हती. कुठल्यातरी सिनेमातून, कुठल्यातरी कथेतून ती माझ्या आठवणीत येऊन बसली होती, आणि मी शपथेवर सांगावं तशी ती लिहून टाकली होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या आईच्या रात्रीत मी उसना आवाज घातला होता.

मग खरे आवाज लिहायला घेतले. पाण्याच्या कूलरची घरघर, ती मध्येच थांबते आणि थांबताना भांडी हलल्यासारखा एक धक्का बसतो. त्याच्या नळाचा थेंब खालच्या स्टीलच्या ताटलीत. ट्रॉलीच्या चार चाकांपैकी एकच चाक करकरतं, म्हणून ट्रॉली दूर असतानाच कळतं की ती येतेय की जातेय. थिएटरच्या दाराला खाली रबराची पट्टी आहे, दार मिटताना ती फरशीवर घासून फस्स करते. लिफ्टमधली बाई मजल्याचा नंबर सांगते, मध्यरात्रीही त्याच आवाजात. आणि वरच्या पत्र्यावरचा पाऊस. आषाढातली रात्र होती, पाऊस होताच. पण तो पहिल्या खर्ड्यात 'बाहेर धो-धो पाऊस कोसळत होता' एवढ्यावर आटोपला होता. खरं म्हणजे तो सारखा नव्हता. सर ओसरली की नळीतून पाणी पडल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि तो सुरू झाला की मगच मागच्या वॉर्डमधलं कुणाचं तरी कण्हणं ऐकू यायचं.

इथे आपल्या भाषेचा एक मोह आहे. करकर, घरघर, टपटप, खडखड, फस्स, मराठीत नादाच्या शब्दांना तोटा नाही. तिसऱ्या खर्ड्यात मी ते एवढे भरले की कॉरिडॉर गजबजून गेला. वाचताना माणसाला तिथे बसल्यासारखं वाटेना, कुणीतरी तोंडाने आवाज काढून दाखवतंय असं वाटू लागलं. म्हणून नियम केला, की एका पानात नादाचा शब्द एकच. बाकी ठिकाणी आवाज कशाचा आणि तो ऐकून कोण काय करतं, एवढंच. चाक करकरलं की बाकड्यावरचे सगळे पाय आत घ्यायचे. 'पाय आत घेतले' एवढं लिहिलं की करकर आपोआप ऐकू येते.

एक आवाज मी गाळला त्याचंही सांगते. माझी भाची भूलतज्ज्ञ आहे. तिने सांगितलं, बोटाला लावतात त्या यंत्राच्या बीपचा सूर रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की खाली खाली जातो, आणि आतल्या माणसांना पडद्याकडे न बघताही कानाने कळतं. हे ऐकल्यावर अंगावर काटा आला. ते लेखात घालावं असं फार वाटलं. दार उघडतं, आतून बीप ऐकू येते, सूर खाली चाललाय. पण मी तो ऐकला नव्हता. १२:१०ला दार उघडलं तेव्हा आतून जे ऐकू आलं ते वेगळंच होतं, आत कुणीतरी हसत होतं. मोठ्याने नाही, कामात असताना माणसं हसतात तसं. मी ते पहिल्या दोन्ही खर्ड्यांत लिहिलं नव्हतं, कारण ते भीतीशी जुळत नव्हतं. तिसऱ्यात लिहिलं. नंतर ज्यांनी ज्यांनी लेख वाचला त्यांनी त्याच जागी थांबून मला विचारलं, "ते का हसत होते?" मला ठाऊक नाही. त्या रात्री मीही तेच विचारत बसले होते.

वस्तूंच्या बाबतीत माझी चूक उलट झाली. आवाज आधी कमी पडले होते, तर वस्तू मी फार राबवल्या. खुर्चीही थकली होती. दार जबड्यासारखं मिटलं. सलाइनच्या बाटलीतले थेंब आयुष्य मोजत होते. ही वाक्यं लिहिताना मला वाटलं, मी किती सूक्ष्म लिहितेय. मैत्रिणीने एका ओळीत निकाल लावला. "बाकड्याला बाकडं राहू दे." तिचं बरोबर होतं. दाराला जबडा म्हटलं की मी पुन्हा 'भीती' हाच शब्द लिहीत होते, फक्त दाराच्या तोंडून. त्यानंतर उपमा सगळ्या काढल्या. विशेषणांत तेवढीच ठेवली जी हाताला लागतात किंवा मोजता येतात. गार, ओलं, लांबट, हिरवं, तिसरं.

काळाचं गणित मला व्याकरणाने सोडवून दिलं, ते मला स्वतःलाही नवीन होतं. आपल्याकडे 'दार उघडायचं, आम्ही उठायचो, ते दुसऱ्याच कुणासाठी असायचं, आम्ही बसायचो' असं म्हणता येतं. रीतिभूतकाळ. यात एकाच वाक्यात वीस वेळा उठणं-बसणं येतं, आणि वीस वेळा असं लिहावंही लागत नाही. ११ ते १२ हा तास मी सगळा ह्या काळात लिहिला. मग १२:१०ला पहिल्यांदा साधा भूतकाळ. 'दार उघडलं.' आधी पानभर उघडायचं-मिटायचं झालेलं असल्यामुळे त्या दोन शब्दांवर वाचकाचे डोळे वर होतात. 'तेवढ्यात' किंवा 'अचानक' घालावं लागत नाही. मी घातलं होतं, ते काढलं.

उरला प्रश्न कुठे थांबायचं आणि कुठून पळायचं. रात्री एकच्या पुढे कधीतरी वीज गेली. पावसाळ्यात आपल्याकडे ती जातेच. पहिल्या खर्ड्यात ह्यावर अर्धी ओळ होती. खाली जाऊन वॉचमनला विचारलं, जनरेटर लागायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, "धा-बारा सेकंद, बाय." ह्या दहा-बारा सेकंदांना शेवटच्या खर्ड्यात मी अर्धं पान दिलं. त्यातला तुकडा असा आहे.

"दिवे गेले. पंख्याने दोन-तीन फेरे घेतले आणि थांबला. कूलरचा आवाज बंद झाला तेव्हा कळलं की तो इतका वेळ चालू होता. पाऊस जवळ आला. थिएटरच्या दारावरचा लाल दिवा जळत होता. कोपऱ्यातल्या माणसाने मोबाइलचा टॉर्च लावला, छतावर धरला आणि बंद केला. कुणी बोललं नाही. सगळ्यांची तोंडं लाल दिव्याकडे होती. बाबांच्या हातातल्या रुमालात काकणं एकदा वाजली. खाली जनरेटर दोनदा गुरगुरला आणि तिसऱ्यांदा लागला."

थिएटरला वीज गेली तरी बॅटरीचा आधार असतो, म्हणून तो दिवा गेला नाही. लेखात हे सांगितलेलं नाही, कारण त्या बाकड्यावर कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आणि त्यानंतर २:३५पर्यंत काय झालं ते मला खरंच आठवत नाही. आधी मी ती जागा पावसाने भरून काढली होती. नंतर नुसतं लिहिलं, 'वीज आल्यापासून डॉक्टर येईपर्यंतचं मला काही आठवत नाही.' बारा सेकंदांना अर्धं पान आणि तासाभराहून जास्त वेळेला एक ओळ. पण ती रात्र माझ्यापाशी तशीच उरली आहे.

एक मोठी चूक मात्र मी तिसऱ्या खर्ड्यापर्यंत करत राहिले. न सांगण्याच्या नादात मी सगळंच लपवलं होतं. दुसऱ्या पानापर्यंत आत कोण आहे तेच कळत नव्हतं. 'ती' आत होती, 'काहीतरी' झालं होतं. मला वाटलं यात ताण आहे. मैत्रीण म्हणाली, तिला फक्त वैताग आला. भावनेचं नाव न घेणं वेगळं आणि माहिती दडवणं वेगळं, हे मला तेव्हा उमगलं. आता लेखाचं पहिलं वाक्य असं आहे, 'आईला आत नेलं तेव्हा ११ वाजायला पाच मिनिटं कमी होती, आणि डॉक्टर म्हणाले होते दीड तास, फार तर दोन.' कोण, कुठे, किती वेळ, सगळं पहिल्या ओळीत देऊन टाकलं. मग पुढे बाकड्याबद्दल बोलायला मी मोकळी झाले.

राहिली काकणं. ती मी शेवटपर्यंत टाळत होते.

आत न्यायच्या आधी सिस्टरने सांगितलं, अंगावर काही ठेवायचं नाही. आत विजेवर चालणारं कापायचं यंत्र वापरतात, सोन्यामुळे चटका बसू शकतो. आणि काचेची काकणं हात सुजला की रुततात. मंगळसूत्र आईने स्वतःच काढून बाबांच्या हातात दिलं, त्यांच्याकडे न बघता. दोन पाटल्या साबण लावून निघाल्या. उजव्या हातातली सहा काकणं निघाली. डाव्या हाताला दुपारपासून सलाइन होतं, तो फुगला होता. सिस्टरने आईचा अंगठा तळहातात दुमडून धरला, साबणाचं पाणी ओतलं, आणि एकेक काकण हाडावरून फिरवत काढलं. पाच आली. सहावं अंगठ्याच्या हाडापाशी अडलं आणि फुटलं. तीन तुकडे झाले. दोन चादरीवर पडले आणि एक खाली. बाबा वाकले. गुडघ्याचं दुखणं आहे त्यांचं, खाली वाकत नाहीत ते. ट्रॉलीच्या चाकाजवळचा तुकडा त्यांनी उचलला, सदऱ्याला पुसला आणि इतर काकणांबरोबर रुमालात ठेवला. सिस्टर म्हणाली, "काका, ते इथे टाका," आणि डबा पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि रुमालाला गाठ मारली. तीन तास चाळीस मिनिटं ती गाठ त्यांच्या मांडीवर होती.

हे मी लिहिलं आणि प्रत्येक शब्द तपासला. उपमा नव्हती, विशेषण नव्हतं, शरीर होतं ते आईचं, माझं नव्हतं. आता लेख झाला असं वाटलं. अंकाला पाठवायच्या आदल्या संध्याकाळी बाबांना वाचून दाखवला. व्हरांड्यात बसलो होतो. आई आत टीव्ही बघत होती. बाबांनी पूर्ण ऐकून घेतला. बाकड्याचा स्क्रू आला तिथे मान हलवली. बिलाच्या ठिकाणी माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. काकणांचा परिच्छेद संपला तसे म्हणाले, "तेवढं एक बदल."

"कुठलं?"

"तू 'फुटलं' असं लिहिलंयस."

"फुटलंच ना, बाबा."

"वाढलं लिही," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

मी पेन घेतलं. 'सहावं अंगठ्याच्या हाडापाशी अडलं आणि फुटलं' हे खोडलं, आणि वर लिहिलं, 'सहावं अंगठ्याच्या हाडापाशी अडलं आणि वाढलं.' अंकात ते तसंच छापून आलं आहे.